दोनशेची रेघ: विम्याच्या आणि नोकरीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल कसे आले

आजच्या विषयाची सुरुवात आपण बसलो आहोत त्या क्रांती चौकातूनच करू. सकाळी सात-साडेसातला इथून अदालत रोडच्या दिशेने किंवा जालना रोडने चालत निघालात, तर एक दृश्य हमखास दिसते. पॅथॉलॉजी लॅबमधून माणसे बाहेर पडत असतात, कोपरात कापसाचा बोळा धरलेला, आणि पहिली नजर चहाच्या टपरीवर. यांतले बरेचसे आजारी नसतात. कोणी विम्याचा प्रस्ताव भरलेला असतो, कोणाला वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागत असते. दोन दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट येतो आणि कोलेस्टेरॉलच्या ओळीत एक आकडा ठळक छापलेला असतो, २०८ किंवा २१४. पुढे लिहिलेले असते 'बॉर्डरलाइन'. मग घरात चर्चा सुरू होते. पॉलिसी मिळणार का? नोकरी जाणार का? गोळी सुरू करायची का?

ही बॉर्डर कोणी आखली, कधी आखली आणि कशासाठी आखली, हे आज सांगायचे आहे. आम्ही दोघे बोलणार आहोत. आमच्यातला एक जण अनेक वर्षे विम्याच्या तपासण्या करत आला आहे आणि दुसऱ्याला जुनी कागदपत्रे वाचण्याची खोड आहे. बोलताना कोण कुठला, हे तुमच्या लक्षात येईलच.

विम्यात 'एक्स्ट्रा' हा शब्द फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्यात धंदा करणाऱ्या परदेशी विमा कंपन्या भारतीय माणसाचा विमा बहुधा घेतच नसत, आणि घेतला तर गोऱ्या माणसापेक्षा जास्त हप्ता लावत. का? तर इथली आयुष्ये कमी भरवशाची. रक्त तपासायची गरजच नव्हती, कातडी पाहिली की झाले. १८७०-७१ च्या सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा द्यायला सुरुवात केली. १८७४ मध्ये ओरिएंटल आली. म्हणजे आपल्याकडे आयुर्विम्याचा आरंभ होतो तोच मुळी 'अमुक गटातल्या माणसांकडून जास्त पैसे घ्यावेत का' या भांडणातून. हा प्रश्न संपला नाही, त्याचे निकष तेवढे बदलले.

ते कसे बदलले, याची गोष्ट न्यूयॉर्कची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क लाइफ कंपनीतले डॉक्टर ऑस्कर रॉजर्स आणि गणिती आर्थर हंटर यांनी एक पद्धत बसवली आणि १९१९ मध्ये ती सविस्तर छापली. त्यांनी सर्वसाधारण माणसाला १०० गुण दिले. वजन जास्त असेल तर काही गुण वाढवायचे, आई-वडील दीर्घायुषी असतील तर काही कमी करायचे, धंदा धोक्याचा असेल तर पुन्हा वाढवायचे. शेवटची बेरीज १५० आली, तर अर्थ असा की अशा माणसांच्या गटात सर्वसाधारण गटापेक्षा दीडपट मृत्यू अपेक्षित आहेत. हजारांत वर्षाला दोन जात असतील, तर या गटात तीन जातील. आज आपल्या विमा कंपन्यांच्या कागदांत 'एक्स्ट्रा मॉर्टॅलिटी' म्हणून जो आकडा असतो, तो याच कुळातला.

इथे जरा थांबू, कारण सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. विमा कंपनी 'तुम्ही आजारी आहात' असे म्हणत नसते. हजारांपैकी तिसरा माणूस तुम्हीच, असेही ती म्हणत नाही. तुमच्यासारखी कागदावरची माणसे हजार घेतली तर आमचा खर्च किती, एवढाच तिचा हिशेब. डॉक्टरकडे गेलात तर तो तुम्हा एकट्याकडे पाहतो. विम्याचा अंडररायटर तुम्हाला पाहतही नाही, तो फाइल पाहतो. दोघांच्या हातात कागद एकच, पण प्रश्न वेगळे.

आता कोलेस्टेरॉलकडे वळू. हंटर आणि रॉजर्स यांच्या पद्धतीत ते नव्हते, कारण त्याचा आयुष्याशी संबंध कोणालाच ठाऊक नव्हता. १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्या जाड झालेल्या दाखवल्या होत्या, पण ससे विमा काढत नाहीत. माणसांमध्ये हे दाखवायला १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात सुरू झालेला अभ्यास लागला. गावातल्या हजारो निरोगी माणसांची तपासणी करून ठेवायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची की हृदयविकार कोणाला होतो. १९५७ पासून तिथून निष्कर्ष येऊ लागले आणि 'रिस्क फॅक्टर' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसला.

तरीही प्रयोगशाळेच्या कागदावरचे 'नॉर्मल' कित्येक वर्षे हलले नाही. कारण नॉर्मल ठरवायची रीत साधी होती. शंभर बऱ्या माणसांचे रक्त घ्यायचे आणि मधली पंच्याण्णव जिथे बसतात ती मर्यादा छापायची. अमेरिकेत बहुतेकांचेच कोलेस्टेरॉल जास्त होते, त्यामुळे २५०, २६०, कुठे ३०० पर्यंतही नॉर्मल छापले जाई. तुमच्या घरी वडिलांच्या फायलीत ऐंशीच्या दशकातला रिपोर्ट असेल, तर काढून बघा. मर्यादेच्या रकान्यात '१५० ते २५०' असे काहीसे सापडण्याची बरीच शक्यता आहे. त्या काळी २३० घेऊन घरी आलेला माणूस निश्चिंत झोपला. आज तोच माणूस 'बॉर्डरलाइन' होऊन बसतो. रक्त बदललेले नाही, रेघ सरकलेली आहे.

ती सरकवली १९८८ साली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाच्या तज्ज्ञ समितीने जाहीर केले की एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या खाली असावे, २०० ते २३९ म्हणजे बॉर्डरलाइन आणि २४० पासून वर जास्त. एकक तेच, एक डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम. हे आकडे कुठून आले? दोन वर्षे आधी, १९८६ मध्ये, साडेतीन लाखांहून अधिक अमेरिकी पुरुषांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्याचा मुख्य निष्कर्ष असा की कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराचा मृत्यू यांच्यात पायरी नाही, उतार आहे. १८० पेक्षा २०० ला धोका थोडा जास्त, २०० पेक्षा २२० ला आणखी थोडा. अमुक ठिकाणी दरी आणि अलीकडे सपाट मैदान, असे काही नाही. पण डॉक्टरला कुठेतरी ठरवावे लागते की कोणाला पुन्हा बोलवायचे आणि कोणाला घरी पाठवायचे. म्हणून समितीने उतारावर दोन खुंट्या ठोकल्या आणि त्यासाठी लक्षात राहणारे आकडे घेतले. १९९ आणि २०१ यांच्यात शरीराच्या दृष्टीने काहीही घडत नाही. लॅबच्या छपाईत मात्र एक साधा छापला जातो आणि दुसरा ठळक.

आणि ते साडेतीन लाख पुरुष अमेरिकी होते, हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, झारखंड, चंदीगड आणि आपला महाराष्ट्र असे चार प्रदेश होते. २०१४ साली त्याचे लिपिडविषयक निष्कर्ष आले. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले निघाले सुमारे १४ टक्के. ट्रायग्लिसराइड जास्त असलेले सुमारे ३० टक्के. आणि एचडीएल, म्हणजे ज्याला आपण 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतो, ते कमी असलेले तब्बल ७२ टक्के! कुठली ना कुठली एक गोष्ट बिघडलेले ७९ टक्के. म्हणजे रिपोर्टात एकही ठळक अक्षर नसलेला माणूस आपल्याकडे अल्पसंख्य आहे. याचा अर्थ काळजी नको असा नाही. अर्थ एवढाच की 'माझ्यात काहीतरी आलंय' एवढ्यावर घाबरण्यात हशील नाही. काय आलंय, ते पाहावे लागते. आपल्याकडचे दुखणे बहुधा २०० च्या रेघेवर नसते, ते ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलच्या जोडीत असते.

विम्याच्या खोलीत रक्त आले कसे, हेही सांगायला हवे. रक्तदाब आणि वजन तिथे पूर्वीपासून होते, लघवीची तपासणीही होती. सरसकट रक्त घेण्याची रीत अमेरिकेत वाढली ती १९८० च्या दशकात, एचआयव्हीच्या भीतीने. एकदा सुई टोचलीच आहे, तर त्याच नळीतून साखर, यकृत, किडनी आणि कोलेस्टेरॉलही करून घ्या, असा हिशेब झाला. आपल्याकडे १९५६ साली २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले. आपल्या घाटीचे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सालही तेच. पुढे रक्कम आणि वय यांनुसार महामंडळाच्या तपासण्यांची यादी ठरत गेली. एजंट मंडळींच्या तोंडी असलेली 'एसबीटी-१३' ही त्यातलीच, रक्ताच्या रासायनिक चाचण्यांचा एक गठ्ठा. साखर, किडनी, यकृत आणि लिपिड त्यात येतात. रक्कम लहान आणि वय कमी असेल तर हे काही लागत नाही. रक्कम वाढली की लागते.

अंडररायटर लिपिडच्या ओळींत काय पाहतो? तुम्ही २१४ पाहता, तो बहुधा एक भागाकार करतो. एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागायचे. हे गुणोत्तर फ्रेमिंगहॅमच्या आकड्यांतून पुढे आले आणि विमेवाल्यांना आवडले, कारण एका आकड्यात काम होते. कंपनीगणिक तक्ते वेगळे असतात, पण साधारण पाचच्या आत असलेल्याकडे फारसे पाहिले जात नाही आणि पुढे जाऊ लागले की बाकीची फाइल उघडली जाते: वजन, रक्तदाब, साखर, तंबाखू, वडिलांचे वय. एकटे बॉर्डरलाइन कोलेस्टेरॉल सहसा फार गुण वाढवत नाही. सोबत आणखी दोन गोष्टी असल्या की बेरीज रेघ ओलांडते.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. हा कोणी एक माणूस नाही, आम्ही पाहिलेल्या अनेकांची मिळून केलेली मूर्ती आहे. वय चौतीस, वाळूजला क्वालिटी विभागात. दुसऱ्या कारखान्यात जास्त पगाराची नोकरी मिळतेय, आणि गृहकर्जासाठी मोठ्या रकमेचा विमा काढायचाय. दोन्हीकडची तपासणी एकाच आठवड्यात. रिपोर्ट असा: एकूण कोलेस्टेरॉल २१४, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३६, एलडीएल १३०. लॅबने चारही आकडे ठळक केले. विम्यातला भागाकार सहाच्या अगदी जवळ, ५.९.

सगळ्यात आधी पाहायचे ते एलडीएलचे १३०. हे मोजलेले आहे का? बहुतेक ठिकाणी नसते. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन यांनी ४४८ माणसांच्या रक्तावरून एक सोपे सूत्र दिले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरले ते एलडीएल. खरे मोजायला महागडे अतिवेगवान सेंट्रिफ्यूज लागे, म्हणून हे सूत्र जगभर गेले. आमच्या माणसाचे करून बघा: २१४ वजा ३६, वजा २४० चा पाचवा भाग म्हणजे ४८. उत्तर १३०. म्हणजे ट्रायग्लिसराइडचा आकडा चुकला तर एलडीएलही चुकणार. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर हे सूत्र वापरूच नये, हे त्या तिघांनीच सांगून ठेवले आहे. काही रिपोर्टांत तरीही वापरलेले दिसते. तुमच्या कागदावर ट्रायग्लिसराइड ४५० असेल आणि एलडीएलपुढे मोजण्याची पद्धत लिहिलेली नसेल, तर लॅबला विचारा.

दुसरा प्रश्न: रक्त कोणत्या अवस्थेत घेतले? आम्ही विचारले तर कळले की आदल्या रात्री मावसभावाची हळद होती. जेवण साडेअकराला, त्याआधी मित्रांबरोबर दोन पेग. रक्त सकाळी साडेसातला. म्हणजे उपास जेमतेम आठ तासांचा आणि पोटात दारू. ट्रायग्लिसराइड चढायला एवढे पुरते. २०१६ पासून युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या लिपिड तपासणीला उपास आवश्यक नाही असे सांगितले आहे, आणि साधे जेवण केलेल्याच्या बाबतीत ते ठीक आहे. पण विम्याची तपासणी उपाशीपोटीच मागतात, कारण त्याच नळीतून साखर पाहायची असते. आणि लग्नघरचे जेवण म्हणजे काही साधे जेवण नव्हे.

तिसरी गोष्ट, शरीराची स्वतःची हेलकावणी. त्याच माणसाचे, त्याच लॅबमध्ये, काही दिवसांच्या अंतराने मोजले तरी एकूण कोलेस्टेरॉल पाच-सहा टक्क्यांनी खालीवर होते, ट्रायग्लिसराइड वीस टक्के किंवा जास्तही. २१४ चे पाच टक्के म्हणजे जवळपास ११. म्हणजे २०३ काय आणि २२५ काय, एकाच माणसाचे दोन दिवस असू शकतात. दंडाला पट्टा बांधून नस शोधत मिनिटे गेली तर आकडा वाढतो. ताप, मोठे आजारपण किंवा शस्त्रक्रिया होऊन गेली असेल तर उलटे होते, कोलेस्टेरॉल काही आठवडे खाली राहते. डेंग्यूतून उठल्यावर पंधरा दिवसांत केलेला 'छान' रिपोर्ट फसवा असू शकतो. तक्रार करायला कोणी येत नाही, कारण आकडा मनासारखा असतो.

म्हणून आम्ही त्याला सांगितले, तीन आठवडे थांब. नेहमीचेच खा. एकदम तेल-तूप बंद करून रिपोर्ट सजवू नकोस, कारण आपल्याला तुझे रोजचे रक्त पाहायचे आहे. आदले तीन दिवस दारू नको, दहा-बारा तास उपास, पाणी चालेल, त्याच लॅबमध्ये जा. सोबत थायरॉइडची टीएसएच, एचबीए१सी, लघवीतले प्रथिन आणि यकृताच्या चाचण्या कर. थायरॉइड मंदावले तर कोलेस्टेरॉल चढते, आणि अशा वेळी गोळी कोलेस्टेरॉलची नव्हे, थायरॉइडची लागते. किडनीतून प्रथिन गळत असेल तरी चढते. काही औषधांनीही चढते, स्टेरॉइड त्यात आले. जिममधल्या पुड्यांत काय असते ते पुड्या विकणाऱ्यालाच माहीत.

दुसरा रिपोर्ट: कोलेस्टेरॉल २०३, ट्रायग्लिसराइड १६५, एचडीएल ३८. सूत्राने एलडीएल १३२. गंमत पाहा. ट्रायग्लिसराइड ७५ ने उतरले, हळदीचा हिशेब चुकता झाला. एलडीएल मात्र जागचे हलले नाही. म्हणजे एलडीएलची बॉर्डरलाइन खरी आहे, ट्रायग्लिसराइडची निम्मी रात्रीची होती. भागाकार ५.३ वर आला. टीएसएच नीट, लघवी नीट. आणि एचबीए१सी ५.९. मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व पट्टा. कंबर मोजली तर ९६ सेंटिमीटर, आपल्या पुरुषांना ९० ची मर्यादा सांगतात. ज्या कोलेस्टेरॉलसाठी तो आला होता ते बाजूला राहिले आणि साखरेची बातमी हाती लागली. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, पोट पुढे, साखर उंबरठ्यावर. हे चौघे एकत्र फिरतात, आणि कमी उठणाऱ्या, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाकडे फार दिसतात.

गोळी? त्याला लगेच नाही. वय, रक्तदाब, तंबाखू, साखर, वडिलांना-भावाला हृदयविकार कोणत्या वयात झाला, हे सगळे मांडून ते ठरते. एका बॉर्डरलाइनवर ठरत नाही. याला आधी कंबर उतरवायला, रात्रीचे जेवण अलीकडे आणायला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. पण एलडीएल १९० किंवा त्याहून वर असते, तर आम्ही हे म्हटले नसते. तो प्रकार वेगळा. तो पुष्कळदा घराण्यातून येतो, तिथे गोळी सहसा लागतेच आणि मुलांचे, भावंडांचेही रक्त पाहावे लागते.

आता नोकरी. नव्या कारखान्याच्या खोलीत पहिल्या रिपोर्टावर शेरा पडला होता, 'तात्पुरते अनफिट'. इथे मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निकाल उपयोगी पडतो. एका सार्वजनिक महामंडळाने हंगामी कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारले. खटल्यात दोघांची नावे झाकलेली आहेत, एमएक्स आणि झेडवाय. न्यायालयाने म्हटले की माणूस आज काम करायला सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ त्या निदानावरून काम नाकारता येणार नाही. रोग तेव्हाचा भीतिदायक होता, तरी न्यायालयाने भविष्याकडे न पाहता आजच्या कामाकडे पाहिले. हा निकाल सरकारी स्वरूपाच्या संस्थेविरुद्धचा आहे, खासगी कारखान्याला तो जसाच्या तसा लागू होतो असे आम्ही म्हणणार नाही. पण नोकरीपूर्व तपासणी कशासाठी असते, हे त्यात स्वच्छ दिसते. माणूस मशीनवर उभा राहील का, उंचीवर चढेल का, त्याला दिसते का, ऐकू येते का. कोलेस्टेरॉल २१४ असल्याने यातले काहीही अडत नाही. ते दहा-वीस वर्षांचे भाकीत आहे, आणि भाकीत हा विमा कंपनीचा प्रश्न आहे, कारखान्याचा नाही.

म्हणून त्याने कारखान्याच्या डॉक्टरांना भांडण न करता तीन ओळींचे पत्र लिहिले. दुसरा रिपोर्ट जोडला, रक्तदाब आणि ईसीजी नॉर्मल असल्याची नोंद जोडली आणि विचारले की माझ्या कामाच्या कोणत्या भागासाठी मी अनफिट आहे, ते लेखी कळवावे. आमचा अनुभव असा की हा प्रश्न लेखी गेला की शेरा बहुधा बदलतो, कारण उत्तर लिहायला काही नसते.

विम्याचे तसे नाही. तिथे एजंटभाऊ घरी येऊन म्हणाले, "साहेब, पहिला रिपोर्ट विसरा. डॉक्टरने थांबायला सांगितलं, शुगरचं बघायला सांगितलं, ते कशाला लिहिता? हप्ता वाढेल." माणूस चांगला होता, त्याला पॉलिसी लवकर काढायची होती. पण प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये प्रश्न सरळ असतो: कधी कोणती तपासणी झाली, कोणता सल्ला मिळाला. आणखीही एक प्रश्न असतो, याआधी कुठल्या कंपनीने प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्याने स्वीकारला का. म्हणजे एका ठिकाणी जादा हप्ता लागला की गुपचूप दुसरीकडे जाण्याची वाटही तिथे अडते. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये २०१५ ची दुरुस्ती झाल्यापासून, पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर कंपनीला ती कोणत्याही कारणाने खोटी ठरवता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र लपवलेली गोष्ट काढता येते. आणि तेव्हा उत्तर द्यायला आपण नसतो, बायको असते.

याची दुसरी बाजू डिसेंबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसते. हा आयुर्विमा नव्हता, परदेश प्रवासाचा आरोग्यविमा होता. अमेरिकेत विमानतळावर उतरताच प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवावे लागले. कंपनीने दावा नाकारला, कारण चरबीचा विकार आणि मधुमेह सांगितला नाही म्हणे. पण मधुमेह तपासणीच्या कागदांत लिहिलेला होता. आणि स्टॅटिनची गोळी? ती मधुमेही माणसाला चरबी वाढलेली नसतानाही खबरदारी म्हणून देतात, हे न्यायालयाने मानले. सांगितलेली प्रकृती पाहून कंपनीने पॉलिसी दिली, मग नंतर त्याच प्रकृतीचे कारण पुढे करता येणार नाही, असे ठरले. प्रवासी जिंकला तो कागदामुळे. स्टॅटिन घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. गोळीमुळे तुमचा आकडा १७० दिसतो, म्हणून 'कोलेस्टेरॉल नाही' असे लिहू नका. गोळीचे नाव, डोस आणि ती का सुरू झाली, हे लिहा.

आमच्या माणसाने दोन्ही रिपोर्ट जोडले, तारखा घातल्या, पहिल्याच्या आदल्या रात्री जेवण उशिरा झाल्याचे लिहिले, एचबीए१सीही लिहिली. कंपनीचे उत्तर आले: प्रस्ताव स्वीकारतो, थोडा जादा हप्ता लागेल, मान्य असेल तर सही करा. त्याने आम्हाला विचारले, भांडू का? आम्ही म्हणालो, जादा कशामुळे ते लेखी विचार. उत्तर आले ते कोलेस्टेरॉलचे नव्हते. वजन आणि साखर यांचे होते. त्याने सही केली. वजन उतरून साखर वर्षभर स्थिर राहिल्यावर फेरविचार होईल का, हेही त्याच पत्रात विचारून ठेवले. एचबीए१सीची पुढची तारीख त्याने घरच्या कॅलेंडरवर, गृहकर्जाच्या हप्त्याच्या तारखेखाली लिहिली आहे.